तळहाताचा जबाब

कोर्टाच्या आवारात एक चहाची टपरी आहे. तिथल्या बाकड्यावर बसून माझे चुलत दीर माझ्याकडून उत्तरं पाठ करून घेत होते. जमिनीच्या भांडणात त्यांची निम्मी हयात कोर्टात गेलेली, त्यामुळे गावात ते अर्धे वकीलच समजले जातात.

"वहिनी, काय बी इचारू द्या, आपलं उत्तर एकच. खोटं आहे. दुसरं उत्तर, माहीत नाही. तिसरं उत्तर न्हाईच."

"आणि खरं असलं तर?"

"आरोपीनं खरं बोलायचं नसतं. खरं बोलायला साक्षीदार असत्यात."

"साक्षीदार काय खरं बोलले ते ऐकलंय मी," मी म्हणाले.

टपरीवाला हसला. दीर हसले नाहीत. त्यांनी माझ्या नावाचा चहा मागवला आणि स्वतःच प्यायले.

मला मात्र त्या दिवशी चहाची शुद्ध नव्हती. अंगात नुसती उकळी आली होती. दोन वर्षं मी त्या कोर्टात येत होते. देवळाली प्रवराकडून एसटी धरायची, आरोपीच्या जागी उभं राहायचं आणि ऐकायचं. पुतण्या बोलला, त्याचा सालगडी बोलला, डॉक्टर बोलले, पोलीस बोलले. मध्ये मी तोंड उघडलं की वकील डोळे मोठे करायचे. शिपाई म्हणायचा, "आजी, गप." माझ्यावरच सगळं चाललेलं आणि मीच गप! आज सरकारकडचा पुरावा संपला होता आणि जज मॅडम मला स्वतः विचारणार होत्या. वकील लोक त्याला तीनशे तेराचा जबाब म्हणतात. नव्या कायद्यात आकडा बदलला आहे म्हणे. आकडा कुठला का असेना, मला बोलायला मिळणार होतं.

खटला असा होता. माझ्या बांधाला लागून पुतण्याचा ऊस. हा माझ्या नवऱ्याच्या दुसऱ्या एका चुलतभावाचा मुलगा, मला काकी म्हणतो. दर नांगरटीला त्यानं बांध थोडा थोडा खायचा आणि मी दर नांगरटीला त्याला शिव्या द्यायच्या, असं आमचं बरीच वर्षं चाललेलं. त्या दिवशी सकाळी बांधावरच आमची जुंपली. दुपारी त्याचा ऊस पेटला. संध्याकाळी त्यानं माझ्यावर फिर्याद दिली. म्हणे काकीनं सकाळी उसाला आग लावायची धमकी दिली, दुपारी सालगड्यानं तिला पेटत्या उसातून पळत येताना पाहिलं, तिचा हात भाजलेला आहे. वर पोलिसांनी लावून दिलं, घरी गेलो तेव्हा ती फरार होती.

चारही गोष्टी ऐकल्या की कुणालाही वाटेल, म्हातारीनंच पेटवला. गावातल्या निम्म्या लोकांना तसं वाटतही होतं. जामीन लगेच झाला होता, पण शिक्षा झाली असती तर या वयात तुरुंग आणि मेल्यावरही 'ऊस जाळणारी' हे नाव. तुरुंगाचं मला तेवढं नव्हतं. तिथं निदान कुणी बांध खात नाही. नावाचं मात्र होतं.

वकील आले ते धावत. माझे वकील तालुक्यातले जुने, पोट सुटलेले, कायम दुसऱ्या कोर्टातून पळत येणारे. दिरांची शिकवणी त्यांच्या कानावर पडली.

"काका, तुम्ही माझा आरोपी आत घालणार," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आजी, नीट ऐका. आता तुम्हाला शपथ देणार नाहीत. सरकारी वकील तुम्हाला उलटं विचारू शकत नाहीत. मॅडमच विचारतील. तुमच्या विरुद्ध जे जे आलंय ते एकेक करून सांगतील आणि म्हणतील, यावर काय म्हणायचंय? उत्तर द्यायची सक्ती नाही. गप्प बसलात किंवा चुकीचं बोललात म्हणून वेगळी शिक्षा नाही."

"मग बोलायचं कशाला?"

"कारण तुम्ही जे बोलाल ते मॅडम निकालाच्या वेळी विचारात घेणार. जी गोष्ट खरी आहे आणि साऱ्या गावाला माहीत आहे, तिला खोटं म्हणालात तर तुमचं बाकीचंही खोटं वाटणार. आणि जी गोष्ट फक्त तुम्हालाच माहीत आहे, तिचं कारण तुम्हीच द्यायचं. हात का भाजला?"

"गाईची साखळी."

"तेच सांगायचं. हात भाजलाच नाही म्हणालात, तर डॉक्टरांचा कागद माझ्या डोक्यावर आपटतील."

"आणि ऊस त्यानंच पेटवला, ते?" दीर मध्येच बोलले. "तोड मिळत नव्हती त्याला. कारखान्याची ऊसतोड टोळी याच्या शिवारात यायला उशीर करत हुती. जळीत ऊस झाला की टोळी पळत येती. भावात कपात व्हते, पण ऊस जातो. समद्या तालुक्याला माहितीय. वहिनी, ठणकावून सांगा, त्यानंच पेटवला!"

वकील माझ्याकडे बघत राहिले. "पाहिलंत का तुम्ही, आजी?"

"नाही."

"मग?"

खरं सांगते, माझ्या जिभेवर ते नुसतं नाचत होतं. त्यानंच पेटवला, असं भर कोर्टात म्हणायचं आणि त्याचं तोंड बघायचं! दोन वर्षं मी याच्यासाठीच थांबले होते की काय, असं वाटत होतं. तेवढ्यात आतून शिपायानं पुकारा केला.

जज मॅडम तरुण होत्या. माझ्या लेकीपेक्षाही लहान. मला खुर्ची द्यायला सांगितली. मी म्हणाले, उभीच बरी, बसून मला भांडता येत नाही. मागं कुणी तरी खुसखुसलं. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि शांतता झाली.

"आजी, हे भांडण नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या विरुद्ध जो पुरावा आलाय तो मी तुम्हाला सांगणार. तुमचं जे म्हणणं असेल ते सांगा. उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. कळलं?"

"कळलं."

"फिर्यादी सांगतो की तुमची आणि त्याची जमीन एकमेकींना लागून आहे. तुमचं काय म्हणणं आहे?"

माझं तोंड उघडलं आणि आपोआप बाहेर पडलं, "खोटं आहे."

वकिलांनी कपाळाला हात लावला. मॅडमनी टायपिंग करणाऱ्याला हातानं थांबवलं.

"जमीन लागून नाही?"

"हाय की."

"मग खोटं काय आहे?"

मी मागं वळून बघितलं. दीर दाराशी उभे होते आणि छताकडे बघत होते.

"मॅडम, माझ्याकडून बाहेर पाठ करून घेतलं," मी म्हणाले. "पहिलं उत्तर तेवढं तोंडातून निसटलं. आता माझं मी बोलते."

सगळं कोर्ट हसलं. सरकारी वकीलसुद्धा. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी पेन हनुवटीला लावलं. "बाहेरचं बाहेर ठेवा. मी पुन्हा विचारते. घाई करू नका."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी खरं आहे म्हणाले. ते लिहिलं गेलं. आणि मग मला एकदम कळलं की ही बाई मला खरंच विचारते आहे. फसवायला नाही, घाबरवायला नाही. एक गोष्ट पुढं ठेवते आणि थांबते. दोन वर्षांत माझ्यासाठी कुणी असं थांबलं नव्हतं.

"फिर्यादी आणि दोन साक्षीदार सांगतात की त्या दिवशी सकाळी बांधावरून भांडण झालं आणि तुम्ही म्हणालात, तुझ्या उसाला आग लागो. काय म्हणायचंय?"

"म्हणाले."

वकिलांनी खाली मान घातली. मी थांबले नाही.

"म्हणाले, आणि रोजच म्हणते. त्याच्या उसाला आग लागो म्हणते, ट्रॅक्टरला आग लागो म्हणते. लेक फोनवर बोलत बसली की तिच्या मोबाईलला आग लागो म्हणते. मी म्हणाले ते सगळं पेटलं असतं तर आमच्या गावात एव्हाना राखच उरली असती. लावीन असं म्हणाले नाही. लागो म्हणाले. शिवी दिली, धमकी दिली नाही."

या वेळी मॅडमच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांनी सावकाश वाक्यं करून सांगितली आणि टायपिंगवाल्यानं ती मारली: असे मी बोलले, परंतु रागाच्या भरात, धमकी म्हणून नाही. लेकीचा मोबाईल त्यांनी गाळला. मला वाईट वाटलं, चांगला मुद्दा होता.

"साक्षीदार, फिर्यादीचा सालगडी, सांगतो की त्यानं तुम्हाला पेटत्या उसातून पळत बाहेर येताना पाहिलं. तुमच्या हाताला पदर गुंडाळलेला होता."

"पदर गुंडाळलेला होता, खरं. मी पळत होते, खरं. उसातून नाही, बांधावरून. ऊस आणि बांध यांच्यात फरक असतो, तो त्याला कळत नाही, कारण त्याच्या मालकाला कळत नाही."

"आजी."

"बांधावरून, मॅडम. एवढंच लिहा."

एवढंच लिहिलं गेलं.

"वैद्यकीय अधिकारी सांगतात की तपासणीच्या वेळी तुमच्या उजव्या तळहाताला भाजल्याची जखम होती. याबद्दल काय सांगायचंय?"

हाच तो प्रश्न. वकिलांनी पेन खाली ठेवलं. पुतण्या बाकावर पुढं सरकला. मला समोरचं काही दिसेनासं झालं, ती दुपारच दिसायला लागली, आणि मी सांगत सुटले.

"माझी गाय बांधावर बांधलेली होती. लोखंडी साखळी, लोखंडी खुंटा. मी घरी भाकरी थापत होते. धूर दिसला. धूर कसला, आभाळ काळं झालं होतं. उसाचं पाचट पेटलं की आवाज येतो, फटाके फुटल्यासारखा. मी पळाले. गाय साखळी पुरेल तेवढी लांब जाऊन ओढत होती, डोळे पांढरे झाले होते तिचे. खुंट्यापाशी पाचट उडून आलेलं, तेही पेटलेलं. साखळीचं दुसरं टोक खुंट्याला. मी ते धरलं. धरल्यावर कळलं तापलंय. सोडलं असतं तर गाय गेली असती. मी सोडलं नाही, खुंटा उपटला. गाय सुटली, मी तिच्या मागं पळाले. पदर ओला करून हाताला गुंडाळला. हा हात."

मी तळहात पुढं केला. डाग अजून होता. बोटांच्या मुळाशी आडवा पट्टा, मध्ये मध्ये कड्यांसारखे गोल.

"आग मी लावली असती तर हात पाठीमागून भाजला असता, बोटं भाजली असती, पदर पेटला असता," मी म्हणाले. "आतून भाजतो तो धरणाऱ्याचा हात."

मॅडमनी हात बघितला. त्यांनी पुढ्यातल्या कागदांतून डॉक्टरांची साक्ष काढून वाचली. माझ्या वकिलांनी डॉक्टरांना उलटं विचारलं होतं, तापलेली साखळी मुठीत धरली तर असा पट्टा उमटतो का? डॉक्टर म्हणाले होते, शक्य आहे. त्या दिवशी मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नव्हता. वकील नुसता वेळ घालवतात असं वाटलं होतं. आज माझं बोलणं आणि डॉक्टरांचं बोलणं एकमेकांना जाऊन भिडलं, हे मला उभ्या उभ्या कळलं.

"पोलीस सांगतात की फिर्याद दाखल झाल्यावर तुम्ही घरी मिळून आला नाहीत."

"मी सुप्याला होते. माझी लेक तिथं एमआयडीसीत कामाला आहे. जावई संध्याकाळी गाडी घेऊन आले आणि हात दाखवायला घेऊन गेले. डाव्या हातानं भाकरी होत नाही, म्हणून राहिले. पोलिसांनी फोन केला तेव्हा मीच परत आले. फरार माणूस एसटीनं परत येत नाही."

"साक्षीदार तुमच्या विरुद्ध साक्ष का देतात?"

"सालगडी त्याच्या मालकाचं खातो."

"आणि फिर्यादीनं तुमच्या विरुद्ध ही केस का केली?"

हा प्रश्न आला. दीर दाराशी मान हलवत होते, जोरजोरात. पुतण्या माझ्याकडे बघत होता. पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत मला भीती दिसली. त्यालाही माहीत होतं मी काय म्हणू शकते. त्या क्षणी मी मनात येईल ते बोलू शकत होते. शपथ नव्हती, उलट तपासणी नव्हती. मला वाटलं म्हणावं. घशापर्यंत आलं.

पण मी आग लावणारा पाहिला नव्हता. आणि सालगड्यानंही मला उसातून येताना पाहिलं नव्हतं, तरी सांगितलं होतं. त्याच रांगेत जाऊन उभं राहायचं मला जमेना.

"बांधाच्या वादानं," मी म्हणाले. "ऊस कुणी पेटवला मला माहीत नाही, मी पाहिलं नाही. त्याला तोड मिळत नव्हती, आणि जळल्यावर लगेच टोळी आली, एवढं त्यानं स्वतःच इथं उलट तपासणीत कबूल केलंय. त्याच्यापुढचं मला माहीत नाही."

माझ्या मागं दिरांनी मोठा सुस्कारा सोडला. वकिलांनी मात्र मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, जणू मी त्यांच्याच ओळखीची कुणी निघाले.

"स्वतः शपथेवर साक्ष द्यायची आहे?" मॅडमनी विचारलं.

"देते की!"

"नाही, मॅडम, नाही!" वकील ओरडलेच. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आजी, शपथेवर उभ्या राहिलात की सरकारी वकील तुम्हाला तासभर उलटं विचारतील. जेवढं बोललात तेवढं पुरे."

"मला चालेल."

"मला चालणार नाही. तुमचा बांध आणि मोबाईल सगळं बाहेर निघेल."

मी मॅडमना नाही म्हणाले. बचावाचा साक्षीदार म्हणून लेकीला आणीन म्हणाले, तिच्याकडे सुप्याच्या डॉक्टरांचा कागद आहे. आणखी काही सांगायचंय का, असं त्यांनी शेवटी विचारलं. सांगायचं पुष्कळ होतं, पण सगळं उसाबाहेरचं होतं. नाही म्हणाले.

मग जबाब वाचून दाखवला. मी कान देऊन ऐकत होते. टायपिंगवाला भराभरा वाचत गेला. तापलेली साखळी धरल्याने माझा हात भाजला, असं वाचलं आणि मी बोट वर केलं.

"हात नाही. तळहात."

"एकच ते, आजी," तो म्हणाला.

"एक कसं? हात म्हटल्यावर कुठला भाग? मी तळहात सांगितलं."

मॅडमनी कागद मागवला, स्वतः बघितला. "बरोबर आहे. उजवा तळहात करा." दुरुस्ती झाली. मग मी सही केली. चौथीपर्यंतची सही, पण स्पष्ट. मॅडमनी खाली स्वतःची केली. बाहेर आल्यावर मला एवढी भूक लागली होती की टपरीवरचे वडे मी उभ्यानंच खाल्ले आणि दिरांना एकही दिला नाही.

पुढच्या तारखेला लेक आली, साक्ष दिली. दोन्ही वकील बोलले. मग निकालाची तारीख.

निकालाच्या दिवशी मॅडमनी मोठं वाचलं नाही. जेवढं कानावर आलं तेवढं सांगते. आरोपीनं भाजण्याचं दिलेलं कारण सुरुवातीपासून एकच आहे, ते डॉक्टरांच्या साक्षीशी जुळतं, सालगड्यानं आग लावताना प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, गाय होती की नाही हे त्याला आठवत नाही, आणि नुसत्या बोलण्यावरून गुन्हा शाबीत होत नाही. संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता.

"फायदा कसला?" मी वकिलांना तिथंच विचारलं. "मी केलंच नाही."

"आजी, सुटलात! हळू बोला."

"सुटले ते कळलं. फायदा कशाचा ते विचारते."

मॅडमनी ऐकलं असावं. त्यांनी वर बघितलं. "आजी, याचा अर्थ तुमच्यावरचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. जा आता." मग वकिलांना म्हणाल्या, जामीनपत्र भरून द्या.

"सुटले तर जामीन कशाचा?"

वकिलांनी समजावलं, सरकारनं वर अपील केलं तर हजर राहीन, असं लिहून द्यावं लागतं, सुटलेल्या प्रत्येकाला. मी कागद हातात घेतला आणि पूर्ण वाचला. मला वेळ लागला. मागं दुसऱ्या खटल्याचे लोक खोळंबले होते, शिपाई घाई करत होता. मी घाई केली नाही. प्रत्येक ओळ वाचली, बरोबर होती, मग सही केली. लेक दाराशी उभी होती, तिनं विचारलं, काय झालं? मी म्हणाले, सुटले, चल, एसटी जाईल.